गाडी टायर खाते तेव्हा : पैसे-किलोमीटरचा माझा हिशेब

माझी एर्टिगा चिपळूणच्या स्टँडवर असते. महिन्यातल्या बहुतेक फेऱ्या पुण्याच्या. कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगर, पाटण करत कऱ्हाडला हायवे गाठायचा आणि त्याच वाटेने परत. वर्षाला ४५,००० किलोमीटरच्या आसपास गाडी पळते. एवढं चालवणाऱ्याला दर वर्ष-सव्वा वर्षाने टायरचा जोड घ्यावाच लागतो. डिझेल-सीएनजीचा हिशेब आम्ही सगळेच रोज तोंडावर ठेवतो, पण टायरचं मात्र बरीच वर्षं मी फक्त 'कितीला पडला' एवढंच विचारत होतो. 'किती चालला' हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

ते लिहायला लागलो २०२३ मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी दुकानातला सगळ्यात स्वस्त जोड टाकला होता, एक टायर ४,३०० रुपयांना. चार टायरचे १७,२००, अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह मिळून ११००, जुन्या टायरचे ८०० परत. म्हणजे खिशातून १७,५०० गेले. ऑक्टोबरमध्ये पुढचे दोन्ही टायर बाहेरच्या कडेला टकले झाले. मीटर बघितला तर २७,००० किलोमीटर झालेले. भागाकार केला तेव्हा किलोमीटरला ६५ पैसे आले. स्टँडवर सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना, कारण कोणीच असा भागाकार केला नव्हता.

या हिशेबात वरचा आकडा, म्हणजे खर्च, दुकानदार लगेच सांगतो. खालचा आकडा, म्हणजे टायर किती चालणार, कोणीच सांगत नाही. कंपनी सांगते तो जाहिरातीतला असतो आणि शेजारचा सांगतो तो अंदाजाचा. तो आकडा आपल्या रस्त्यावर, आपल्या गाडीवर काढायचा तर टायरची खाच मोजावी लागते. त्यासाठी मी एक छोटं खोलीमापक घेतलं. पेनाएवढं असतं. सुई खाचेत टेकवायची आणि मिलिमीटर वाचायचे. पुढचं सगळं त्या सुईने ठरवलं.

दुसरा जोड घ्यायला कऱ्हाडच्या दुकानात गेलो तेव्हा पहिली गल्लत साइजवरच होणार होती. माझा साइज १८५/६५ आर १५, लोड इंडेक्स ८८. दुकानदार म्हणाला, "दादा, १८५/६० चा एक जोड आहे, टायरमागे ५०० कमी लावतो. रिम तीच, बसतो आरामात." बसतो हे खरं. पण हिशेब करून बघा. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंचीची बाजू, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. वरची-खालची मिळून २४०, आणि १५ इंचाची रिम ३८१ मिलिमीटर. सगळं चाक ६२१ मिलिमीटरचं झालं. १८५/६० चं तसंच केलं तर ६०३ येतात. चाक ३ टक्क्यांनी लहान. मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे तो ५०,००० दाखवेल तेव्हा गाडी खरी ४८,५०० च गेलेली असेल. स्वस्त टायर कागदावर आणखी स्वस्त दिसेल, आणि ज्या गिऱ्हाइकाकडून आपण किलोमीटरवर पैसे घेतो त्यालाही तीन टक्के जास्तीचे लागतील. ते मला चालणार नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट लोड इंडेक्सची. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे. तो १८५/६० चा टायर ८४ चा होता, म्हणजे ५०० किलो. सात माणसं आणि वर सामान बांधून घाट उतरणाऱ्या गाडीला हे साठ किलो कमी करून चालत नाहीत. टायरवर आकडा छोट्या अक्षरात असतो, साइजच्या लगेच पुढे. मी तेव्हापासून दुकानात शिरलो की आधी तो वाचतो, मग किंमत विचारतो. साइज बदलून पैसे वाचवायचा रस्ता मी तिथेच बंद केला. १८५/६५ आर १५ बऱ्याच गाड्यांना लागतो, त्यामुळे प्रत्येक कंपनीचे दोन-तीन प्रकार मिळतात आणि भाव करायला जागा राहते.

मग तीन प्रकार समोर ठेवले. पहिला तोच ४,३०० चा. दुसरा मधला, ५,४०० चा. तिसरा ६,३५० चा, आणि त्याच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लाख किलोमीटर लिहिलेलं. सगळ्यांना वरचे ११०० आणि परतीचे ८०० सारखेच धरले. लाख किलोमीटर खरं मानलं तर तिसरा २५,७०० ला एक लाख, म्हणजे किलोमीटरला २६ पैसे. हे ऐकून कोणीही तोच घेईल. मी सुई काढली आणि नव्या टायरची खाच मोजली. स्वस्ताची ७.१ मिलिमीटर, मधल्याची ७.८, लाखवाल्याची ८.३.

आता यातली किती वापरायला मिळते ते महत्त्वाचं. कायद्याने कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर काढायचा. खाचेच्या तळाशी रबराच्या बुटक्या आडव्या पट्ट्या असतात, त्या तेवढ्याच उंचीच्या. बाजूवर छोटा त्रिकोण असतो तो त्या पट्टीची जागा दाखवायला. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो हे ज्याने कुंभार्लीत गाडी चालवली आहे त्याला माहीत आहे. पाणी खाचेतून बाहेर पडायला खोली लागते. म्हणून मी माझ्यासाठी मर्यादा ३ मिलिमीटरची धरली. मग वापरायची खोली स्वस्ताची ४.१, मधल्याची ४.८ आणि लाखवाल्याची ५.३. हिशेबाला हीच खोली लागते, नव्या टायरची पूर्ण खोली नाही. कोकणातल्या माणसाने १.६ पर्यंतचा हिशेब धरला तर त्याचा आकडा पहिल्याच पावसात खोटा पडेल.

मी मधला जोड घेतला, कारण तेव्हा खिशात तेवढेच होते. लाखवाला त्याच महिन्यात स्टँडवरच्या माझ्या मित्राने टाकला. त्याचीही एर्टिगाच, आणि फेऱ्याही बऱ्याचशा पुण्याच्याच. स्वस्तवाला आणखी एकाने टाकला. मी दोघांनाही सांगितलं की १०,००० झाले की मला मोजू द्यायचं. सकाळी गाड्या गार असताना मी स्टँडवर वाकून सुई लावत बसायचो. सुरुवातीला लोक हसत होते, पुढे "आमचाही बघ रे" म्हणायला लागले.

प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा : आतली कड, मध्य, बाहेरची कड. दोन्ही कडा मध्यापेक्षा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे. मध्य जास्त झिजला तर हवा जास्त आहे. एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलेलं आहे. हे मला पाठ होतं, पण त्याची किंमत किती ते माहीत नव्हतं. ते ५,००० किलोमीटरवरच कळलं. माझा पुढचा डावा टायर मध्यात ०.६ मिलिमीटर झिजला होता आणि बाहेरच्या कडेला ०.९. डोळ्यांनी बघितलं तर काहीच दिसत नव्हतं, बोट फिरवलं तरी नाही. तीन दशांश मिलिमीटर दिसणार तरी कसा? पण तो तसाच चालू ठेवला असता तर ती कड २६,७०० किलोमीटरला ३ मिलिमीटरवर आली असती. टायर मध्यात चांगला असूनही फेकावा लागला असता.

तो आकडा बघून मी गप्प बसलो. आधीचा स्वस्त जोड २७,००० ला गेला होता. मी मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवला होता, लोकांना दाखवायला. तो पुन्हा उघडून बघितला. बाहेरची कड गुळगुळीत आणि मध्यात खाच बरीच शिल्लक. म्हणजे तो टायर माझ्या गाडीने खाल्ला होता आणि मी दोष त्या टायरला देत होतो. नंतर स्टँडवरच्या दुसऱ्या मित्राचा तोच स्वस्त टायर मोजला तेव्हा खात्रीच झाली. त्याची झीज पुढची-मागची सरासरी १०,००० ला १.२ मिलिमीटर होती, म्हणजे ४.१ ला साधारण ३४,००० किलोमीटर. किंमत ५२ पैसे पडते, ६५ नाही. मधले १३ पैसे माझ्या अलाइनमेंटचे होते. पाच-पाचशे रुपयांचं काम न केल्यामुळे मी साडेतीन हजार घालवले होते.

त्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतलं. १०,००० ला मोजलं तेव्हा कड आणि मध्य जवळजवळ बरोबरीत आले होते. पुढच्या टायरची खोली ६.६, मागच्याची ७.१. आमच्या गाडीला पुढची चाकं ओढतात, वळणावर भारही त्यांच्यावरच येतो, म्हणून पुढे १.२ मिलिमीटर गेले आणि मागे फक्त ०.७. दर १०,००० ला पुढचे मागे आणि मागचे पुढे केले की सरासरी धरता येते, ०.९५. मग ४.८ भागिले ०.९५, म्हणजे साधारण ५०,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात तो जोड ५२,००० गेला. थोडा जास्त जाणारच होता, कारण नव्या टायरची नक्षी उंच असते, ती रस्त्यावर जास्त वळवळते आणि जास्त झिजते. उंची कमी झाली की झीज मंदावते. त्यामुळे पहिल्या १०,००० वरून काढलेला अंदाज थोडा कमीच येतो, आणि हिशेबाला तसा आलेलाच बरा. २१,९०० भागिले ५२,०००, म्हणजे ४२ पैसे.

मित्राच्या लाखवाल्याची झीज पुढे १.०, मागे ०.६, सरासरी ०.८. ५.३ ला ६६,००० किलोमीटर. किंमत ३९ पैसे. लाखाचे २६ पैसे नाहीत, पण माझ्यापेक्षा तीन पैसे स्वस्त आहे हे मान्य करावंच लागलं. ५०,००० किलोमीटरवर दीड हजार रुपये वाचतात. लाखाचा आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सपाट हायवेवर एकसारख्या वेगाने, हलक्या गाडीत तेवढा निघतही असेल. आमचा घाट आणि तीन मिलिमीटरची मर्यादा यात तो निघत नाही, एवढंच.

पण मी पुढचाही जोड मधलाच घेतला. त्याचं कारण वॉरंटीच्या कागदात सापडलं.

झालं असं की मित्राची गाडी ९,००० किलोमीटरला पाटणच्या अलीकडे खड्ड्यात आपटली आणि टायरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा आला. आतले दोरे तुटले की बाजूवर असा फुगा येतो, त्या टायरवर पुढे धावणं म्हणजे फुटायची वाट बघणं. तो वॉरंटी मागायला गेला. तपासणाऱ्याने टायर उतरवला, आतून बोट फिरवलं आणि सांगितलं, हा आपटून झालेला मार आहे, बनावटीचा दोष नाही. मागणी नामंजूर. मित्र चिडला, पण कागद वाचला तर लिहिलेलं तसंच होतं. वॉरंटी बनावटीच्या दोषाची होती. लाख किलोमीटरचं आश्वासनही होतं, पण दर १०,००० ला अलाइनमेंट आणि अदलाबदल केल्याची बिलं हवीत, आणि भाड्याने चालणारी गाडी नको. आमच्या सगळ्यांच्या नंबरप्लेटा पिवळ्या. म्हणजे ज्या आकड्यासाठी त्याने टायरमागे जवळजवळ हजार रुपये जास्त मोजले, त्यातला शब्दही त्याच्या गाडीला लागू नव्हता. नवा टायर ६,३५० चा. ६६,००० किलोमीटरवर पसरला तर तो एकटाच किलोमीटरला जवळजवळ १० पैसे वाढवतो. तीन पैशांचा फायदा एका खड्ड्यात गेला.

माझ्या मधल्या टायरच्या कागदावर एक वेगळी ओळ होती. खरेदीपासून पहिल्या वर्षात टायर चिरला, फुगला किंवा फुटला तरी बदलून मिळेल, झिजलेल्या भागाचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे. गाडी भाड्याची असू नये अशी अट तिथे नव्हती. तीन अटी होत्या : पक्कं बिल, बिलावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर, आणि ३० दिवसांत नोंदणी. दुकानदाराने नेहमीप्रमाणे "बिल नको असेल तर अजून कमी करतो" म्हटलं होतं. पहिल्या जोडाला मी ते मान्य केलं होतं. या वेळी बिल घेतलं आणि टायर रिमवर चढायच्या आधी चारही नंबर मी स्वतः वाचून लिहायला लावले.

दुसऱ्या मधल्या जोडाला ११,००० किलोमीटरवर माझ्याही टायरला तसाच फुगा आला. त्यांनी खोली मोजली, ६.७ मिलिमीटर. त्यांचा हिशेब १.६ पर्यंतचा असतो. नव्या टायरला ७.८ वजा १.६, म्हणजे ६.२ वापरायचे होते, त्यातले ५.१ शिल्लक होते. ८२ टक्के त्यांनी दिले आणि उरलेले १८ टक्के, म्हणजे साधारण ९७० रुपये, मी भरले. वॉरंटी नसती तर पूर्ण ५,४०० गेले असते, म्हणजे या जोडाला किलोमीटरमागे १० पैसे जास्त. आमच्या घाटात दोन जोडांमागे एक टायर असा जातो, हे स्टँडवर विचारून काढलेलं आहे. तेव्हा ती एक ओळ मला सरासरीने किलोमीटरला चार पैशांची तरी पडते. लाखवाल्याच्या तीन पैशांपेक्षा जास्त. वॉरंटी किती वर्षांची आहे हे मी आता विचारतच नाही, कारण माझा टायर सव्वा वर्षात संपतो. कशाची आहे आणि पिवळ्या पाटीला चालते का, एवढं विचारतो.

ज्यांची गाडी कमी पळते त्यांचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. माझा मेहुणा शाळेत शिक्षक आहे, वर्षाला ६,००० किलोमीटर गाडी चालवतो. तोही माझं ऐकून लाखवाला घ्यायला निघाला होता. त्याला म्हटलं, तुझ्या वेगाने ६६,००० व्हायला अकरा वर्षं लागतील, तोवर रबर कडक होऊन त्याला भेगा पडतील. त्याच्या टायरचं आयुष्य वर्षांनी संपणार, मिलिमीटरनी नाही. त्याने टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२२४ असेल तर २०२४ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला. मला दुकानदार दीड वर्ष जुना टायर स्वस्तात देत असेल आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजत असेल तर मी घेतो, सव्वा वर्षात तो संपतोच. मेहुण्याने तो घेऊ नये.

या वर्षी पुन्हा जोड घ्यायची वेळ आली तेव्हा वहीतले जुने भाव तसेच धरून चालणार नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ५,४०० चा टायर कराशिवाय ४,२१९ चा होता, त्यावर १८ टक्के लावले की ४,९७८ होतात. मी दुकानात हा आकडा कागदावर लिहूनच नेला. दुकानदार आधी ५,२५० म्हणाला. मी कागद पुढे केला. थोडा वेळ बघून म्हणाला, "पाच हजाराला देतो, पण बिलात व्हॉल्व्ह धरून." मान्य केलं.

तारीख मात्र मी या वेळीही नीट निवडलेली नाही. खाच ३ मिलिमीटरवर ऑक्टोबरात आली असती तर पाऊस संपलेला असल्याने आणखी चार-पाच हजार किलोमीटर कोरड्या रस्त्यावर काढता आले असते. मे महिन्यात आली तर साडेतीनलाच टायर काढावा लागतो, आणि ज्या अर्ध्या मिलिमीटरचे पैसे मोजले तो फुकट जातो. माझा जोड फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपला. हा नवा साधारण पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तीनवर येईल असं वहीतल्या आकड्यांवरून दिसतं, म्हणजे तो मृगाच्या आधीच बदलायचा. परवा ५,००० झाले. पुढचा डावा : बाहेरची कड ७.२, मध्य ७.२, आतली कड ७.२. लिहून ठेवलं आणि पुण्याचं भाडं घेऊन निघालो.